नावाजलेल्या वादकांचे सुपरग्रुप टिकत का नाहीत? (ब्लाइंड फेथच्या निमित्ताने)

तारसप्तक

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न इथे टाकतो आहे. ब्लाइंड फेथ हा बँड १९६९च्या उन्हाळ्यात लोकांसमोर आला आणि त्याच उन्हाळ्यात संपला. ७ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला, २४ ऑगस्टला होनोलुलूला शेवटचा. मधल्या काळात एकच अल्बम, त्यात सहा गाणी. क्रीममधून आलेले एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर, ट्रॅफिकचा स्टीव्ह विनवुड आणि फॅमिली या बँडचा रिक ग्रेच. अल्बम ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला होता. तरीही बँड संपला.

कुणालाही विचारा, एका शब्दात उत्तर मिळतं: अहंकार. मला ते पुरेसं वाटत नाही. अहंकार रोलिंग स्टोन्समध्ये काय कमी होता? पण ते साठ वर्षं वाजवत राहिले. मग आधीच प्रसिद्ध असलेली माणसं एकत्र आली की असं वेगळं काय होतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कोथरूडचा_बंड्या

एका म्यानात चार तलवारी. विषय संपला, चहा घ्या.

अनघा_डोंबिवली

बंड्याशी सहमत. आणि तारसप्तक, "अहंकार पुरेसा नाही" हे तुम्ही फार लवकर ठरवून टाकलंत. ऑडिओस्लेव्हचं बघा. ख्रिस कॉर्नेल साउंडगार्डनचा, बाकी तिघं रेज अगेन्स्ट द मशीनचे. २००७मध्ये कॉर्नेल बाहेर पडला तेव्हा त्याने स्वतःच्या निवेदनात स्वभाव जुळत नसल्याचं कारण दिलं होतं. खुद्द माणूस सांगतो आहे, मग आपण दुसरी कारणं कशाला शोधायची?

रेकॉर्डवेडा

अनघाताई, निवेदन खरं आहे. पण त्याच्या आधीच्या महिन्यात काय झालं तेही बघायला हवं. जानेवारी २००७मध्ये रेज अगेन्स्ट द मशीन पुन्हा एकत्र वाजवणार अशी घोषणा झाली आणि फेब्रुवारीत कॉर्नेल गेला. त्याच्याशी स्वभाव जुळत नसेलही, पण बाकी तिघांना परत जायला जुनं घर होतं आणि त्या घराचं दार नुकतंच उघडलं होतं. पुढे २०१०मध्ये साउंडगार्डनही पुन्हा जमला. नवख्या पोरांच्या बँडमध्ये भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी तालमीला यावंच लागतं, कारण त्यांना दुसरीकडे कुणी विचारत नसतं.

आता ब्लाइंड फेथबद्दल. तिथली मोठी अडचण भांडणाची नव्हती, क्रमाची होती. साधारणपणे बँड आधी लहान जागी वाजवतो, वाईट गाणी टाकून देतो, चांगली घासतो, आणि मग गर्दी वाढते. इथे गर्दी आधी आली.

१९६८च्या नोव्हेंबरमध्ये क्रीमने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. १९६९च्या सुरुवातीला ट्रॅफिक फुटला. क्लॅप्टन आणि विनवुड एकमेकांच्या घरी जाऊन नुसते वाजवत बसत. विनवुडचं घर बर्कशरमधल्या ॲस्टन टिरोल्ड या खेड्यात होतं. दोघांनाही क्रीमसारखा आवाजी बँड नकोच होता. त्यात जिंजर बेकर येऊन दाखल झाला. क्रीममधला ताण क्लॅप्टनच्या डोक्यात ताजा होता, त्यामुळे तो कचरत होता. विनवुडला मात्र बेकरचं वाजवणं आवडलं आणि बेकर राहिला. बेस वाजवायला ग्रेचला बोलावलं, तोही फॅमिलीचा अमेरिका दौरा अर्धवट सोडून आला.

इथवर सगळं ठीक. पण गाणी तयार व्हायच्या आधीच बातमी फुटली आणि हाइड पार्कमध्ये लाखभर लोक जमले. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. मध्येच रोलिंग स्टोन्सचं एक गाणं वाजवलेलं दिसेल. लाख माणसांसमोर पहिल्याच दिवशी दुसऱ्यांचं गाणं घ्यावं लागलं, यावरून त्यांच्याकडे स्वतःचा माल किती होता ते कळतं. क्लॅप्टन त्यात ॲम्पजवळ, जवळजवळ मागच्या रांगेत उभा आहे. पुढे येऊन कुणाला काही दाखवावं असं त्याला वाटतच नाही आहे.

गिटारवाली

ते चित्रीकरण मीही पाहिलं आहे. "कान्ट फाइंड माय वे होम" तिथे इलेक्ट्रिक गिटारवर आहे आणि गाणं नुसतं लोंबकळतं. अल्बममध्ये तेच अकूस्टिक गिटारवर घेतलं आणि कुठल्या कुठे गेलं. त्या गाण्याला काय हवं आहे, ते मैदानात त्यांना अजून सापडलेलंच नव्हतं. नवीन बँडला हे शोधायला सहा महिने कुणी विचारत नाही. यांना लोकांसमोर शोधावं लागलं.

रेकॉर्डवेडा

अगदी नेमकं बोललात. आणि अमेरिकेत तर परिस्थिती आणखी बिघडली. १२ जुलैला मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून दौरा सुरू झाला तेव्हा अल्बम बाजारात आलेलाच नव्हता, तो ऑगस्टमध्ये आला. म्हणजे हजारो लोक तिकीट काढून आले आहेत आणि त्यांनी यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही. त्यांना ओळखीचं काय? क्रीम आणि ट्रॅफिक. मग बँड क्रीमची आणि ट्रॅफिकची गाणी वाजवायला लागला. लोक खूश, आयोजक खूश, आणि क्लॅप्टन ज्या गोष्टीपासून पळून आला होता तीच गोष्ट रोज रात्री करतो आहे.

त्याच दौऱ्यात त्यांच्या आधी डिलेनी अँड बॉनी ही मंडळी वाजवायची. त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे डोक्यावर ओझंही नव्हतं. क्लॅप्टन स्वतःच्या बँडपेक्षा त्यांच्यातच रमला. दौरा संपला आणि तो त्यांच्याबरोबर गेला. १९७०मध्ये त्यांच्याच वादकांना घेऊन त्याने डेरेक अँड द डॉमिनोज काढला, आणि बँडच्या नावात स्वतःचं नावही येऊ दिलं नाही.

सिन्नरकर

फारच माहितीपूर्ण. मी रॉकवाला नाही, पण शक्ती या बँडचं उदाहरण आठवलं. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर, विनायकराम. सत्तरच्या दशकात तीन अल्बम आणि संपलं. पुढे १९९७मध्ये रिमेंबर शक्ती. मग त्यातले यू. श्रीनिवास वारले. आणि शेवटी २०२३ला नवा अल्बम आला, त्याला २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणजे टिकलाच की हो सुपरग्रुप! आपल्या माहीमच्या माणसाने टिकवून दाखवला.

कोथरूडचा_बंड्या

सिन्नरकर, धागा रॉकचा आहे. पण झाकीरभाईंसाठी नियम शिथिल.

रेकॉर्डवेडा

शक्तीचा प्रकार मला वेगळा वाटतो. तिथे प्रत्येकाची बाकीची कारकीर्द चालूच होती आणि हे कुणीही लपवत नव्हतं. शास्त्रीय संगीतातल्या माणसाला आज एकाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर वाजवणं नवीन नसतं. वर्षानुवर्षं खंड पडला तरी त्याला कुणी "फुटले" म्हणत नाही. रॉकमध्ये बँड म्हणजे संसार अशी अपेक्षा असते, लोकांचीही आणि कंपनीचीही.

मेघना_हक्क

मी संगीताच्या हक्कांचं काम करते, म्हणून पैशाच्या बाजूने लिहिते. ती इथे अजून कुणी काढलेली नाही आणि माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे.

कार्यक्रमाचे पैसे चौघांत सारखे वाटता येतात. पण गाणं ज्याच्या नावावर लिहिलेलं असतं, त्याला ते गाणं वाजेल तितक्या वेळा वेगळे पैसे मिळतात, आणि ते आयुष्यभर. बँड बंद पडला तरी ते येत राहतात. क्रीममध्ये नेमकं हेच झालं. त्यांची बरीच मोठी गाणी जॅक ब्रूस आणि गीतकार पीट ब्राऊन यांच्या नावावर आहेत. "व्हाइट रूम"च्या सुरुवातीचा पाच मात्रांचा तुकडा आपण सुचवला, हे जिंजर बेकर म्हातारपणापर्यंत सांगत राहिला, पण नाव न लागल्यामुळे त्याला त्याचं काही मिळालं नाही. बाहेरून आपल्याला दोन चिडखोर माणसांचं भांडण दिसतं. आतमध्ये दर वर्षी एकाच्या हातात मोठा चेक पडतो आणि दुसऱ्याच्या हातात लहान.

आता ब्लाइंड फेथच्या अल्बमवरची नावं बघा. तीन गाणी विनवुडची, एक क्लॅप्टनचं, एक बडी हॉलीचं जुनं, आणि एक बेकरचं. बेकरचं गाणं पंधरा मिनिटांच्या वर आहे, त्यात जवळजवळ सगळ्यांचे सोलो येतात. मला त्यात संगीताइतकीच प्रत्येकाला जागा द्यायची निकड ऐकू येते. नवख्या बँडला निर्माता सांगू शकतो की हे सहा मिनिटांत आटपा. इथे जिंजर बेकरला ते कोण सांगणार?

आपल्याकडेही गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का व्हायला २०१२ची कायदादुरुस्ती यावी लागली. त्यामुळे आपल्या वादकांना हा मुद्दा चटकन कळेल.

ड्रमर_मिरज

मेघनाताईंचा प्रतिसाद वाचून जुनी गोष्ट आठवली. आमच्या कॉलेजच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी गावातल्या तीन बँडमधली चांगली पोरं निवडून एक बँड केला होता. गाणारा भारी, दोन गिटारवाले भारी, मी ड्रमवर. पहिल्याच तालमीत कळलं की दोन्ही गिटारवाले सोलो वाजवणारे. मागे बसून शांतपणे कॉर्ड धरणारा एकही नाही. आपापल्या बँडमध्ये ते काम करणारी पोरं निराळी होती, आणि त्यांना आम्ही "भारी नाहीत" म्हणून घेतलंच नव्हतं. गाणाऱ्याने पट्टी वर मागितली की एकाचा ठरलेला सोलो बिघडायचा. स्पर्धेत दोन गाणी जबरदस्त झाली, बक्षीसही मिळालं. तिसरं गाणं आम्हाला कधी बसवताच आलं नाही.

पैशाचा तर प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळं पैशावर ढकलता येणार नाही.

गिटारवाली

ड्रमर_मिरज, मला आतापर्यंतचा सगळ्यात पटलेला मुद्दा हा. बँडमध्ये न दिसणारी कामं असतात. सुपरग्रुपमध्ये निवड दिसणाऱ्या कामावर होते.

शिरीष_एडिसन

न्यू जर्सीहून नमस्कार. फेब्रुवारी २००८मध्ये क्लॅप्टन आणि विनवुड मॅडिसन स्क्वेअर गार्डनला एकत्र वाजवायला आले होते, तीन रात्री. त्यातल्या एका रात्री मी होतो. "हॅड टू क्राय टुडे"च्या सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा दोघांनी मिळून वाजवला तेव्हा शेजारचा साठीतला अमेरिकन माणूस रडत होता. विनवुडचा आवाज अजून तस्साच. "प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड" हे क्लॅप्टनने लिहिलेलं, पण १९६९च्या अल्बमवर ते विनवुड गातो. २००८ला दोघंही कसल्या घाईत नव्हते, कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. माझं तर म्हणणं आहे की हा बँड चाळीस वर्षं लवकर जमला.

अनघा_डोंबिवली

शिरीष, हेवा वाटला.

पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. रेकॉर्डवेडा म्हणतात घर, मेघना म्हणते पैसा, मिरजकर म्हणतात भूमिका. या तिन्ही अडचणी असूनही माणसं समजुतीची असतील तर निभावतं की. ट्रॅव्हलिंग विल्बरीज घ्या. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन, रॉय ऑर्बिसन. यापेक्षा मोठी नावं कुठली? आणि किती मजेत वाजवलंय! अहंकार बाजूला ठेवला म्हणूनच ना?

रेकॉर्डवेडा

विल्बरीजचं उदाहरण उत्तम आहे, फक्त मी ते उलट्या बाजूने वाचतो. ती माणसं संत नव्हती. त्यांनी बँड असा बांधला की अहंकाराला चरायला कुरणच मिळू नये.

१९८८च्या एप्रिलमध्ये हॅरिसनला एका सिंगलच्या मागच्या बाजूसाठी एक जास्तीचं गाणं हवं होतं, बस. डिलनच्या मालिबूच्या घरी गॅरेजमध्ये स्टुडिओ होता, तिथे सगळे जमले आणि "हँडल विथ केअर" झालं. कंपनी म्हणाली, हे मागच्या बाजूला टाकण्यासारखं नाही. मग अल्बम करायचं ठरलं. डिलनचा दौरा जूनमध्ये सुरू होणार होता, म्हणून मे महिन्यात साधारण दहा दिवसांत गाणी लिहून मूळ रेकॉर्डिंग उरकलं. तालमीत महिनोन्‌महिने कुढायला वेळच नव्हता. अल्बमवर खरी नावं नाहीत, सगळे विल्बरी भाऊ, आणि गाणी विल्बरीजच्या नावावर. डिलन कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा, पेटी एमसीए कंपनीचा, त्यामुळे खरी नावं न टाकण्याची सोयही झाली असावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दौरा कधीच केला नाही. रोज रात्री कुणाचं गाणं आधी, कुणाचा प्रकाशझोत मोठा, हे प्रश्न आलेच नाहीत.

६ डिसेंबर १९८८ला ऑर्बिसन गेला. उरलेल्या चौघांनी १९९०मध्ये आणखी एक अल्बम केला, पण तो पहिल्याच्या जवळपासही नाही. म्हणजे टिकण्याच्या कसोटीवर विल्बरीजही नापासच, फक्त ते कडू झाले नाहीत.

तारसप्तक

सगळ्यांचे आभार, बरंच काही मिळालं. मग उलटा प्रश्न विचारतो. टिकलेला, दौरे करणारा, प्रसिद्ध माणसांचा रॉक बँड एकही नाही का?

रेकॉर्डवेडा

आहे. बॅड कंपनी. १९७३मध्ये जमला, मूळ चौघं १९८२पर्यंत एकत्र. पॉल रॉजर्स आणि सायमन कर्क फ्री या बँडमधले, मिक राल्फ्स मॉट द हूपलचा, बॉझ बरेल किंग क्रिमझनचा. तुमच्या सगळ्यांच्या मुद्द्यांवर तो तपासून बघा.

घर: फ्री संपून गेला होता. मॉट चालू होता, पण राल्फ्स तिथून निघाला तोच मुळी त्याच्या गाण्यांना तिथे योग्य गळा नव्हता म्हणून. "कान्ट गेट इनफ" त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. रॉजर्सने ते गायलं आणि गाण्याला मालक मिळाला. भूमिका: एकच गायक, एकच मुख्य गिटार, बेस साधा, ड्रम साधे. कुणाचं कुणाशी काम आडवं येत नव्हतं. व्यवस्थापन: सगळ्यांचा मिळून एकच माणूस, पीटर ग्रँट, लेड झेपेलिनवाला. ब्लाइंड फेथमध्ये क्लॅप्टन-बेकरच्या मागे रॉबर्ट स्टिगवुड होता आणि विनवुडच्या मागे ख्रिस ब्लॅकवेल. ऑडिओस्लेव्हचंही तेच, दोन व्यवस्थापनांच्या ओढाताणीत पहिला अल्बम यायच्या आधीच २००२मध्ये कॉर्नेल एकदा सोडून गेला होता. दोन्ही व्यवस्थापनं बदलली तेव्हा तो परत आला. कंपन्याही दोन, म्हणून एक अल्बम एपिककडे, दुसरा इंटरस्कोपकडे, तिसरा पुन्हा एपिककडे.

आणि बॅड कंपनीचा पहिला अल्बम १९७४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला तो त्यांच्या स्वतःच्या गाण्यांवर. लोक फ्रीची गाणी ओरडून मागत नव्हते.

मेघना_हक्क

हे पटलं. एक व्यवस्थापक असणं किती मोठी गोष्ट आहे ते बाहेरून कळत नाही. दोन व्यवस्थापक असले की साध्या तारखेसाठीही दोन माणसांची संमती लागते, आणि दोघांचं काम आपापल्या माणसाचं हित बघणं हेच असतं. बँडचं हित बघणारा पगारी माणूस तिथे कुणीच नसतो.

अनघा_डोंबिवली

पण बॅड कंपनीला सुपरग्रुप म्हणायचं का? क्लॅप्टनच्या तुलनेत ही नावं मधल्या फळीतली. मग निष्कर्ष असा निघतो की माणसं फार प्रसिद्ध नसतील तर बँड टिकतो. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

रेकॉर्डवेडा

अनघाताई, थोडंफार मान्य. फक्त प्रसिद्धी कमी असल्याने अहंकार कमी झाला असं मी म्हणणार नाही, परतीचे रस्ते कमी होते असं म्हणेन. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

गिटारवाली

मला परतीच्या रस्त्याबद्दल एक शंका आहे. ब्लाइंड फेथमधल्या रिक ग्रेचचं काय? त्याने तर फॅमिलीचा दौरा अर्धवट टाकला होता, म्हणजे त्याचा परतीचा रस्ता त्याने स्वतःच बंद केला. विनवुडकडे ट्रॅफिक होता आणि १९७०मध्ये त्याने तो पुन्हा उभा केला. क्लॅप्टनला तर सगळी दारं उघडी. बँड टिकावा असं ज्याला सगळ्यात जास्त वाटलं असेल, त्याच्या हातात काहीच नव्हतं.

रेकॉर्डवेडा

बरोबर. ग्रेच आधी बेकरच्या एअर फोर्स या बँडमध्ये गेला, मग विनवुडने त्याला ट्रॅफिकमध्ये घेतलं. १९९०मध्ये तो वारला. "सी ऑफ जॉय"मधलं व्हायोलिन त्याचं आहे. चौघांपैकी ते वाद्य वाजवणारा तो एकटाच, आणि तो तुकडा काढून टाकला तर ते गाणं उभं राहत नाही.

ड्रमर_मिरज

आत्ता ऐकलं. इतकी वर्षं हा अल्बम ऐकतोय आणि व्हायोलिनच्या वेळी नेहमी बेकरकडेच कान असायचा. तारसप्तक, शक्य असेल तर क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांच्यावर वेगळा धागा काढा. त्यांनी तर आडनावंच बँडला दिली, म्हणजे कुणी गेला तरी पाटी बदलली की झालं. त्यांना टिकलेले म्हणायचं की दर वेळी नव्याने फुटलेले, यावर इथे आठवडाभर भांडता येईल.

तारसप्तक

काढतो. १९७०च्या "देजा व्हू"पासून सुरुवात करू या. अनघाताई, तुम्ही पहिला प्रतिसाद द्यायचा.